बलकज्योतिष

अंडं फोडलं तेव्हा ते नुसतं अंडं होतं. त्याचा फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि त्याची पत्रिका झाली.

दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने अंड्यांच्या एका ट्रेवर पुठ्ठ्याची पाटी खोचली होती : 'अस्सल गावरान, १८ रु.' शेजारच्या ट्रेमधली पांढरी अंडी सात रुपयांना होती. मधल्या अकरा रुपयांत नेमकं काय मिळतं, असं मी विचारलं. तो अजिबात रागावला नाही. म्हणाला, "साहेब, घरी जाऊन फोडा. बलकच सांगेल." बोलणारं अंडं सात रुपयांत मिळत नसणार हे उघड होतं. मी डझनभर घेतली.

रात्री ऑम्लेटसाठी पहिलं फोडलं आणि आतून बाहेर आला तो थेट भगवा बलक. मी ते अंडं घाईघाईने स्टीलच्या ताटलीत ओतलं, ओट्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली धरलं, फोटो काढला आणि 'याला म्हणतात अंडं!' असं लिहून पाठवून दिला. कढईतला कांदा तोवर करपला, पण त्याचा फोटो कोणी मागितला नाही.

निदानं लगेच सुरू झाली. कराडच्या आत्याने लिहिलं, "रानात मोकळी हिंडणारी कोंबडी आहे रे. उकिरडा उकरल्याशिवाय असा रंग चढत नाही." मामाला इंजेक्शनाचा संशय आला, मामाला कलिंगडापासून क्रिकेटपटूपर्यंत सगळ्यांत इंजेक्शनच दिसतं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी 'रंग कालवला आहे' असा शेरा मारला. कवच न फोडता आत रंग कसा कालवतात, हे त्यांनी सांगितलं नाही. तपासणी अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागत नसतो. यवतमाळच्या साडूंनी विचारलं, "इतका लाल काहून दिसून राहिला? सरकी तं नाही खाल्ली तिनं?" आणि अमेरिकेतल्या मावसभावाने जाहीर केलं, "यात ओमेगा-थ्री भरपूर दिसतंय." ओमेगा-थ्रीला रंग नसतो. तरी ते त्याला दिसलं, तेही सात समुद्रांपलीकडून आणि रात्रीच्या वेळी.

तेवढ्यात आमच्या हिने तीच ताटली उचलून हॉलमध्ये नेली, ट्यूबलाइटखाली ठेवली आणि स्वतःच्या फोनने दुसरा फोटो काढून ग्रुपवर टाकला. शब्द एकही नाही. त्या फोटोत बलक लिंबासारखा पिवळा होता.

आत्या म्हणाली, "हे बघ, याला म्हणतात कोंडलेल्या कोंबडीचं अंडं. बिचारीने ऊन पाहिलेलं नाही." मामाने आपलं इंजेक्शन मागे घेतलं. काकांना हा दुसरा बलक 'प्रामाणिक' वाटला. एकाच अंड्याला दहा मिनिटांत दोन आया मिळाल्या : एक रानात बागडणारी, एक पिंजऱ्यात झुरणारी.

या गोंधळात माझ्या पुतणीचा निरोप आला. ती शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, आणि घराण्यात कोंबडीला आतून ओळखणारी ती एकटीच. बाकीचे आम्ही कोंबडीला रश्शातून ओळखतो. तिने लिहिलं, "काका, उरलेली अकरा फ्रीजमध्ये ठेवा. खाऊ नका. रविवारी येते." अठरा रुपयांचं अंडं समोर असताना तीन दिवस ते न खाणं किती अवघड असतं, हे ज्यांनी अठरा रुपये मोजले आहेत त्यांनाच कळेल.

रविवारी ती आली तेव्हा तिच्या पिशवीत एक पंखा होता. हवा घालण्याचा नव्हे. रंगाच्या दुकानात भिंतीचा रंग निवडायला जो पट्ट्यांचा जुडगा हातात देतात, तसा. फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत एकेक पट्टी आणि प्रत्येकीवर आकडा. रोश या स्विस कंपनीने बलकाचा रंग मोजण्यासाठी हा प्रकार रूढ केला; पूर्वी त्यात पंधरा पट्ट्या असत, आता सोळा असतात. जगभरचे अंड्यांचे व्यापारी 'आम्हाला बारा नंबर हवा' किंवा 'आमच्याकडे नऊ चालतो' असं बोलतात ते या पंख्याच्या भाषेत. मी चपलेशिवाय कशालाच नंबर असेल असं धरून चाललो नव्हतो.

पंखा वापरायला सोपा, पण सोवळं कडक. अंडं पांढऱ्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर फोडायचं. उजेड दिवसाचा हवा, पण थेट ऊन नको. पट्टी बलकाच्या लगेच वर धरायची, सरळ वरून पाहायचं आणि शेजारच्या दोन पट्ट्याही लावून बघायच्या. म्हणजे डोळ्याने रंग 'आठवायचा' नाही, दोन रंग एकमेकांशेजारी ठेवून फक्त जुळतात का ते पाहायचं. तिने आमची उत्तरेकडची खिडकी पसंत केली. स्टीलची ताटली मात्र तिने एखाद्या आरोपीला बाजूला घ्यावं तशी बाजूला घेतली. "काका, ही आरसा आहे. हिच्यात तुमचा दिवा, ओट्याचा लाल ग्रॅनाइट आणि तुमचा शर्ट, सगळं बलकात उतरतं." त्या रात्री मी केशरी टी-शर्ट घातला होता. मी काही बोललो नाही.

पहिलं अंडं पांढऱ्या बशीत फोडलं. पंख्याने सांगितलं : दहा. मग त्याच बशीचे चार फोटो काढले. ओट्यावरच्या दिव्याखाली, हॉलच्या ट्यूबखाली, गॅलरीतल्या सावलीत, आणि माझ्या फोनमध्ये जेवणाचे फोटो 'चविष्ट' दिसावेत म्हणून जी सोय आहे तिच्यात. चारही फोटो आम्ही पडद्यावर पंख्याशी ताडून पाहिले. बलक बशीत होता तिथेच होता, पण फोटोत तो सातपासून तेरापर्यंत फिरून आला.

असं का होतं ते तिने मला समजावलं. आपल्या डोळ्याला सवय असते. पिवळ्या दिव्याखालीही आपल्याला पांढरा सदरा पांढराच दिसतो, कारण मेंदू दिव्याचा पिवळेपणा वजा करून टाकतो. फोनला ही वजाबाकी अंदाजाने करावी लागते. समोरच्या दृश्यात पांढरं काय असावं याचा तो तर्क करतो आणि त्या तर्कावर बाकीचे सगळे रंग सरकवतो. दृश्यात एक चकाकती ताटली, एक लाल ओटा आणि मधोमध एक मोठा पिवळा गोळा असेल, तर फोन बिचारा काय तर्क करणार? शिवाय फोटो जितका रंगीत तितका गिऱ्हाईक खूश, हे फोन बनवणाऱ्यांना माहीत असल्याने ते वरून चिमूटभर रंग घालतातच. काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. रंग कालवलेला होता. फक्त तो अंड्यात नव्हे, फोटोत.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. बशीशेजारी पांढरा कागद ठेवायचा आणि तो चौकटीत येऊ द्यायचा. फोटोत कागद पिवळा दिसला, तर बलकही तेवढाच जास्त पिवळा दिसतोय असं समजायचं. पंख्याची पट्टीच फोटोत घेतली तर उत्तम, कारण मग दिव्याने दोघांनाही सारखंच फसवलेलं असतं. तुलना फोटोतल्या बलकाची फोटोतल्या पट्टीशी करायची. आजोळी लहानपणी खाल्लेल्या अंड्याशी नाही. आत्याचा सगळा पुरावा आजोळचा होता.

"बरं, दहा तर दहा," मी म्हणालो. "दहा म्हणजे कोंबडीने खाल्लं काय?"

इथे पुतणीने मला थांबवलं आणि कोंबडीची एक गैरसोय सांगितली. कोंबडीला पिवळा रंग बनवताच येत नाही. तिने खाल्लेल्या झाडपाल्यात आणि धान्यात झँथोफिल नावाची रंगद्रव्यं असतात. ती पचनातून रक्तात आणि रक्तातून बलकात जातात. म्हणजे बलक हा कोंबडीचा स्वभाव नाही, तिची खानावळ आहे. पिवळा मका खाल्ला तर बलक पिवळा. ज्वारी, पांढरा मका किंवा तांदळाची कणी खाल्ली तर फिका. हिरवं गवत, लसूणघास, शेवग्याचा पाला मिळाला तर गडद, कारण पानाच्या हिरव्याखाली हा पिवळा लपलेला असतो. म्हणूनच खरोखर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीचा बलक पावसाळ्यात गडद आणि वैशाखात, रानात काही हिरवं उरलेलं नसताना, फिका होऊ शकतो. कोंबडी तीच, उकिरडा तोच.

आत्या फोनवर होतीच. ती म्हणाली, "मग मी माझ्या कोंबड्यांना गाजरं घालते ती?" गाजराची हकीकत दुःखद निघाली. गाजरातलं कॅरोटीन कोंबडी मुख्यतः अ-जीवनसत्त्व बनवण्यात खर्च करते, आणि अ-जीवनसत्त्वाला सांगण्यासारखा रंग नसतो. म्हणजे गाजर पौष्टिक, पण बलकात दिसत नाही. आत्या बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "माणसांचंही असंच असतं."

मग प्रमाणाचा हिशेब आला, आणि तो मला फार आवडला. एक किलो पिवळ्या मक्यात असं रंगद्रव्य असतं साधारण वीस मिलिग्रॅम. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांच्या एक किलो भुकटीत ते सहा-सात हजार मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे मक्याची सहा-सात पोती एकीकडे आणि झेंडूची एक किलो भुकटी एकीकडे. कोंबडखाद्याचे कारखाने झेंडूचा अर्क खाद्यात घालतात तो यामुळेच. पण त्यालाही मर्यादा आहे. झेंडू पिवळा देतो, आणखी पिवळा देतो. पंख्यावर साधारण दहाच्या पुढची, तांबूस नारिंगी वळणाची छटा हवी असेल तर सोबत लाल रंगद्रव्य लागतं. ते लाल मिरचीच्या अर्कातून येतं, नाहीतर कारखान्यात तयार केलेल्या कँथाझँथिनमधून. युरोपात अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात हे कँथाझँथिन किलोमागे आठ मिलिग्रॅमपर्यंतच घालायला परवानगी आहे, कारण त्याच्या गोळ्या खाऊन कातडी सावळी करू पाहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्याचे स्फटिक साचलेले आढळले होते.

"तेव्हा बघा," ती म्हणाली. "ओट्यावरच्या दिव्याखालच्या फोटोत रंग तेरा होता. त्या फोटोवर विसंबून मी सांगितलं असतं, कोंबडीला मिरचीचा अर्क किंवा कँथाझँथिन दिलंय. पंख्यावर तो दहा आहे. म्हणजे लाल काहीच लागलेलं नाही, नुसता भरपूर पिवळा." मिरचीचा आळ ओट्यावरच्या दिव्याने घेतला होता.

आता साडूंच्या सरकीकडे वळलं पाहिजे, कारण ग्रुपवर त्यांची सगळ्यांनी थट्टा केली होती. पुतणी म्हणाली, त्यांचा रंग चुकला पण दिशा बरोबर होती. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते बलकातल्या लोहाशी जुळलं की बलक लाल नव्हे, शेवाळी किंवा तपकिरी होतो. अंडं साठवलं तर जास्तच. सरकीच्या तेलातल्या काही आम्लांमुळे साठवलेल्या अंड्याचा पांढराही कधी गुलाबी होतो. असा बलक दिसला तर खाद्याकडे बोट दाखवायला खरंच जागा असते. तशीच जागा केरळातही होती. २०२० मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका घरच्या कोंबड्या हिरव्या बलकाची अंडी देऊ लागल्या, तेव्हा लोकांना आधी चमत्कार आठवला. पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मात्र खाद्य बदलून पाहिलं, आणि काही दिवसांत बलक निमूटपणे पिवळा झाला. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती दिसणारी हिरवट-करडी कड ही यात धरायची नाही. ती कोंबडीने नव्हे, आपण केलेली असते. अंडं जास्त वेळ उकळलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह कडेवर भेटतात. तिचा फोटो पाठवून शेतकऱ्याला जाब विचारू नये. कुकरला विचारावा.

आणखी काही अंडी फोडल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. दुसऱ्याचा बलक दहा, तिसऱ्याचा आठ, चौथ्याचा सात. एकच डझन, एकच पाटी, आणि तीन नंबर. मी म्हणालो, "कोंबड्या वेगळ्या असतील." ती म्हणाली, "असतील. किंवा दिवस वेगळे असतील." मग तिने दोन अंडी उकडायला लावली.

मला वाटलं, भूक लागली असेल. पण नाही. बलक एकदम तयार होत नाही. अंडाशयात तो शेवटच्या दहाएक दिवसांत भराभर वाढतो, थरावर थर चढवत, गुलाबजामला पाकाचा थर चढावा तसा नव्हे, तर चेंडूला सुतळी गुंडाळावी तसा. सगळ्यात आतला थर जुना, सगळ्यात बाहेरचा नवा. त्यानंतर अंडं कवचाबिवचासह बाहेर पडायला आणखी एक दिवस लागतो. नवं खाद्य दिल्यावर दोन-तीन दिवसांनी बलकात फरक दिसायला लागतो आणि पूर्ण बदल व्हायला दहाएक दिवस जातात. शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना चरबीत विरघळणारा लाल रंग चारून हे तपासलं होतं : ज्या दिवशी रंग चारला त्या दिवसाचं लाल कडं बलकात उमटलं, झाडाच्या खोडातल्या वर्षासारखं.

"म्हणजे तुमच्या फोटोत काय दिसतं?" तिने विचारलं. "फक्त बाहेरचा थर. बलक पूर्ण होण्याआधीचे शेवटचे दोन-तीन दिवस. त्याआधी ती काय जेवत होती ते आत झाकलेलं आहे."

उकडलेली अंडी तिने धाग्याने मधोमध कापली. एकाच्या बलकाचा गाभा फिका होता आणि रंग बाहेर कडेपर्यंत गडद होत गेला होता. दुसऱ्यात आत गडद पट्टा होता, पण त्याच्या बाहेर फिकी कड आली होती. पुतणीने दोन्ही अर्धुकं खिडकीपाशी धरली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "हिला नेहमीचं खाद्य साधं आहे. मध्येच कधीतरी हिला खूप पिवळं काहीतरी मिळालं, आठवडाभर असेल. पहिलं अंडं ते चालू असताना घातलंय, दुसरं ते बंद झाल्यावर तीन-चार दिवसांनी. काका, दसरा कधी होता?"

मी दाराकडे पाहिलं. चौकटीवर झेंडूचं तोरण अजून लटकत होतं. वाळून त्याचा रंग नेमका दहा नंबरचा झाला होता.

दुकानदाराकडून शेतकऱ्याचा फोन नंबर मिळवायला मला आणखी एक डझन अंडी घ्यावी लागली, ती सात रुपयांवाली. शेतकरी सासवडच्या बाजूचा. मोकळा माणूस. त्याने काहीच लपवलं नाही. म्हणाला, "दसऱ्याला झेंडूचा बाजार पडला हो. आमच्या भावकीतल्यांनी माल परतच आणला. टाकून देण्यापेक्षा म्हटलं, कोंबड्यांना घालू. सात-आठ दिवस घातला. चोचीनं असा काय उडवला, बघत राहावं. बलक बघा कसा झालाय!"

"आणि कोंबड्या मोकळ्या असतात ना?"

"मोकळ्या? छे हो. शेडमध्ये. मोकळ्या सोडल्या तर रात्री मुंगूस काय मला विचारून येणार आहे का?" कोंबड्या तपकिरी अंड्यांच्या नेहमीच्या सुधारित जातीच्या होत्या. कवचाचा तपकिरी रंग जातीचा असतो, त्याचा खाण्याशी किंवा मोकळेपणाशी संबंध नाही. अगदी काळीकुट्ट कडकनाथसुद्धा अंडं काळं घालत नाही. ते फिकट साई-तपकिरी असतं. गावरान असं तो म्हणाला होता का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, "मी 'गावाकडची' म्हणालो होतो. पुढं पाटी कुणी लावली ते मला माहीत नाही."

मग मला एक चांगला प्रश्न सुचला, म्हणजे पुतणीने कागदावर लिहून पुढे सरकवला. "त्या फुलांवर फवारणी होती का?"

"म्हणजे काय! फवारल्याशिवाय दसऱ्यापर्यंत झेंडू टिकतोय होय?"

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ त्या दहा नंबरच्या बलकाकडे पाहत बसलो. आत्याच्या मते रानात हिंडणारी, काकांच्या मते रंगवलेली, मावसभावाच्या मते ओमेगा-थ्रीने ओथंबलेली ती कोंबडी शेडमधली होती, आणि तिने आठवडाभर फवारणी केलेली पूजेची फुलं खाल्ली होती. फुलांवर फवारलेलं औषध अंड्यात उतरलं की नाही, हे प्रयोगशाळेतच कळलं असतं. बलकाच्या रंगात ते दिसत नाही. शंभर टक्के शुद्ध हिरव्या चाऱ्याचा बलकही दहाच असू शकला असता.

बलक मात्र खोटं बोलला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. झेंडूतलं ल्युटीन खरोखर त्यात उतरलं होतं, आणि ते डोळ्याला चांगलं समजतात. पण प्रथिनं किती, चरबी किती, अंडं ताजं की शिळं, यांतलं एकही तो रंग सांगत नव्हता. फिक्या बलकाचीही तीच गत. कोंबडीने कणी खाल्ली म्हणून बलक फिका असेल, किंवा मका साठवणीत जुना होऊन त्यातला रंग उडाला असेल, किंवा तिच्या आतड्यात जंत नाहीतर रक्ती हगवण असेल आणि खाल्लेला रंग आत शोषलाच जात नसेल. पहिल्या दोन कारणांत काळजी नाही, तिसऱ्यात डॉक्टर बोलवावा लागतो. तिन्ही कोंबड्यांचा फोटो मात्र एकसारखाच येतो.

शेवटी ताजेपणाची परीक्षा झाली, आणि तिथे माझे अठरा रुपये खऱ्या अर्थाने फुटले. तिने एका बशीत गडद बलकाचं अंडं फोडलं, शेजारच्या बशीत त्याच सकाळी आणलेलं सात रुपयांचं. वरून पाहिलं तर अठरा रुपयांचं अंडं राजासारखं दिसत होतं. "आता खाली वाका आणि बशीच्या कडेने बघा," ती म्हणाली. मी गुडघ्यावर आलो. अठरा रुपयांच्या अंड्याचा पांढरा पाण्यासारखा पसरला होता आणि बलक दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखा सपाट पडला होता. सात रुपयांच्या अंड्याचा बलक पंख्यावर जेमतेम सहा होता, पण तो घुमटासारखा उभा होता आणि त्याच्याभोवती घट्ट पांढऱ्याचं कडं टेकून बसलं होतं.

या घट्ट पांढऱ्याची उंची आणि अंड्याचं वजन यांवरून ताजेपणाचा आकडा काढतात. त्याला हॉ युनिट म्हणतात, आणि ही रीत १९३७ पासून चालत आली आहे. अंडं शिळं होत गेलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढरा पातळ होतो आणि उंची खाली येते. उन्हात हे फार वेगाने होतं. माझी अंडी ऑक्टोबरच्या उकाड्यात दुकानाच्या फळीवर काही दिवस बसून होती. पाटी वाचत असतील. आणि उंची ही गोष्ट वरून काढलेल्या फोटोत कधीच येत नाही. आम्ही सगळे बलकाचा फोटो देवाच्या प्रसादासारखा वरून काढतो, आणि ताजेपणा असतो बाजूला.

संध्याकाळी मी ग्रुपवर निकाल लिहिला : कोंबडी शेडमधली, खाद्य साधं, वर दसऱ्याचा झेंडू, रंग दहा, अंडी शिळी, दिवा दोषी. आत्याने लिहिलं, "झेंडू तरी देवाचाच ना." काकांनी 'नोंद घेतली' असं कळवलं. मामाने विचारलं, "मग इंजेक्शन कशाला दिलं होतं?" मावसभावाने स्वतःच्या न्याहारीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हे बघून सांगा, आमच्या इथल्या कोंबडीला काय खायला घालतात?" साडूंनी तत्काळ उत्तर दिलं : "सरकी."

तुम्हालाही असा फोटो आला, तर पाठवणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. दिवा कुठला होता, अंडं कधी घातलेलं आहे, आणि बशीशेजारी पांढरा कागद आहे का. उत्तरं मिळाली तर त्या कोंबडीने गेल्या आठवड्यात पिवळं काहीतरी खाल्लं की नाही, एवढं सांगता येईल. त्यापुढचं सांगायला लागलात तर दक्षिणा ठरवून घ्या.

मी आता सात रुपयांचीच अंडी आणतो. ट्यूबलाइटखाली फोडतो, पिवळ्या दिव्याखाली खातो.